वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी आणि शेवटचे तीन हॅशटॅग

प्रश्न: मी सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात खाली पंचवीस-तीस हॅशटॅग आणि कीवर्डचा एक परिच्छेद ठेवतो, कारण त्याशिवाय व्हिडिओ कोणाला सापडत नाही असे ऐकले आहे. परवा एका प्रेक्षकाने 'हे सगळे स्पॅमसारखे दिसते' असे लिहिले. हॅशटॅग किती ठेवावेत, कीवर्ड कुठे लिहावेत आणि ते मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

— सायकल दुरुस्ती करणारा एक वाचक

उत्तर: आपल्या प्रेक्षकाला जे खटकले ते खटकण्यासारखेच आहे, पण त्याचे कारण केवळ संख्येत नाही. यूट्यूबच्या नियमापुरते पाहिले तर एका व्हिडिओवर 60 पेक्षा अधिक हॅशटॅग असतील, तर त्यावरचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षिले जातात. आपली संख्या त्या मर्यादेच्या बरीच आत आहे. तरीही त्याच नियमात असेही म्हटले आहे की हॅशटॅग जितके वाढवावेत तितका शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा संबंध पातळ होत जातो आणि अति झाल्यास व्हिडिओ शोधातून काढलाही जाऊ शकतो. कीवर्डच्या परिच्छेदाची गोष्ट याहून गंभीर आहे. वर्णनात सुट्या शब्दांची नुसती यादी ओतणे हे यूट्यूबच्या स्पॅमविषयक धोरणाच्या विरुद्ध मानले जाते. त्यामुळे दोहोंपैकी आधी काय काढायचे, असे विचाराल तर तो परिच्छेद.

असा परिच्छेद वर्णनात येतो कसा, हे पाहिले तर तो टाळणे सोपे जाते. बहुतेक वेळा तो एकदाच लिहिलेला असतो आणि नंतर प्रत्येक व्हिडिओखाली जसाच्या तसा चिकटवला जातो. यूट्यूब स्टुडिओत 'अपलोड डीफॉल्ट्स' नावाची सोय आहे; तिथे ठेवलेला मजकूर प्रत्येक नव्या व्हिडिओच्या वर्णनात आपोआप भरला जातो. ही सोय चॅनेलची ओळख, संपर्काचा पत्ता, व्हिडिओ केव्हा येतात ही माहिती यांसाठी उत्तम आहे, पण पुष्कळ जण तिच्यात हॅशटॅग आणि कीवर्ड भरून ठेवतात. मग पंक्चर काढण्याच्या व्हिडिओखाली ब्रेकचे कीवर्ड येतात, ब्रेकच्या व्हिडिओखाली चेनचे येतात, आणि वाचणाऱ्याला दोन ओळींतच कळते की हा मजकूर या व्हिडिओसाठी लिहिलेलाच नाही. स्पॅमचा वास येतो तो इथून. 'तुमचे प्रश्न' असे शीर्षक देऊन त्याखाली एकच प्रश्न वीस प्रकारे फिरवून लिहिण्याची जी पद्धत अलीकडे दिसते, तीही याच जातीची. प्रश्नाचे रूप दिल्याने यादी ही यादी राहत नाही असे नाही.

आता निवडीकडे वळतो, कारण कीवर्ड कुठे लिहावा हा प्रश्न कोणता लिहावा हे ठरल्यावर अर्धा सुटतो. आपण कारागीर आहात, म्हणून आपल्या मनात एखाद्या बिघाडाचे नाव कारागिराच्या भाषेत येते. प्रेक्षकाला मात्र ते नाव ठाऊक नसते. त्याला फक्त त्रास ठाऊक असतो. समजा, आपण मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, मर्यादा-स्क्रूंची जुळणी दाखवणारा व्हिडिओ केला आहे. आपण त्याला 'रिअर डिरेलर ॲडजस्टमेंट' म्हणाल. ज्याची सायकल बिघडली आहे तो माणूस शोधाच्या चौकटीत 'सायकलची चेन सारखी उतरते' असे लिहील. हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत. पहिल्याला अवयवाचे नाव माहीत आहे आणि त्याला नेमकी कृती हवी आहे. दुसऱ्याला आपल्या सायकलीला काय झाले आहे हेच अजून कळलेले नाही. वर्णनाची खरी कसोटी ही की एकाच सरळ वाक्यात हे दोघेही स्वतःचा शब्द ओळखू शकतील. यासाठी वीस शब्द लागत नाहीत. यूट्यूबचा स्वतःचा सल्लाही एवढाच आहे की व्हिडिओचे सार सांगणारे एक-दोन मुख्य शब्द निवडावेत आणि ते शीर्षकात व वर्णनात ठळकपणे यावेत.

हे एक-दोन शब्द अंदाजाने ठरवू नयेत. आपल्याकडे त्यासाठी तीन जागा आहेत, आणि मी त्यांची किंमत या क्रमाने लावीन. पहिली जागा म्हणजे आपल्याच चॅनेलचे ॲनालिटिक्स. तिथे प्रेक्षक कोणत्या मार्गाने आले याची फोड असते. तीत 'यूट्यूब सर्च' उघडले की लोकांनी प्रत्यक्ष काय लिहून आपले व्हिडिओ शोधले त्या शब्दांची यादी दिसते. ही यादी सोन्यासारखी आहे, कारण ती दुसऱ्याच्या सल्ल्यातून आलेली नसून आपल्याच प्रेक्षकांच्या बोटांतून आलेली आहे. दुसरी जागा म्हणजे व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया. 'माझी चेन आतल्या बाजूला पडते' असे कोणी लिहिले असेल, तर 'आतल्या बाजूला' हा शब्दप्रयोग आपल्याला सुचला नसता, पण लोक तोच वापरतात. तिसरी जागा म्हणजे शोधाची चौकट: तिथे 'सायकलची चेन' एवढेच लिहून थांबावे आणि खाली कोणत्या सूचना येतात ते पाहावे. हे करताना स्वतःच्या खात्यातून बाहेर पडावे किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, नाहीतर आपण पूर्वी काय शोधले याचा रंग त्या सूचनांवर चढतो. गूगल ट्रेंड्समध्ये यूट्यूबवरील शोधापुरते आकडे पाहण्याची सोय आहे खरी, पण फार थोड्या लोकांनी शोधलेल्या शब्दासाठी तिथे आलेख तयारच होत नाही, आणि मराठीतल्या नेमक्या शब्दप्रयोगांच्या बाबतीत असे वारंवार घडते. आलेख न दिसणे म्हणजे शब्द टाकाऊ, असे समजू नये.

शब्द ठरले की त्यांची जागा. वर्णनात 5000 अक्षरे मावतात, पण सगळी जागा सारखी मोलाची नसते. शोधाच्या निकालात आणि 'अधिक' या बटनाच्या वर फक्त सुरुवातीच्या ओळी दिसतात. त्यापुढचे वाचायला प्रेक्षकाला मुद्दाम बोट लावावे लागते. म्हणून मुख्य शब्द सुरुवातीच्या दोन ओळींत यावेत, आणि वाक्यातच यावेत. पुष्कळ जण या मोक्याच्या जागी 'नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनेलवर आपले स्वागत आहे' असे लिहितात किंवा सबस्क्राइब करण्याचा दुवा देतात. ज्याने अजून व्हिडिओ पाहिलेलाच नाही त्याला हे दोन्ही निरुपयोगी आहे. स्वागत व्हिडिओत करावे, वर्णनात कामाचे बोलावे.

आपल्या सध्याच्या वर्णनाचा नमुना पत्रासोबत नाही, पण अशी वर्णने साधारण पुढीलप्रमाणे असतात:

```
सायकल चेन | चेन उतरते | सायकल रिपेअर | cycle chain
repair | gear cycle chain problem | सायकल दुरूस्ती
#viral #trending #सायकल #cycle #bike #gear #reels
```

यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही वाचून काहीच कळत नाही. व्हिडिओत कोणत्या बिघाडाचे उत्तर आहे, कोणत्या प्रकारच्या सायकलीला ते लागू पडते, हत्यारे कोणती हवीत, यातले काहीही प्रेक्षकाला मिळत नाही. हेच शब्द वाक्यांत बसवले तर असे दिसेल:

```
गिअरच्या सायकलची चेन सारखी उतरत असेल, तर मागच्या
डिरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू (H आणि L) कसे जुळवायचे
ते या व्हिडिओत दाखवले आहे. एक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर
पुरेसा आहे. चेन फ्रेमकडे पडत असेल तर H स्क्रू,
स्पोककडे पडत असेल तर L स्क्रू.

00:00 चेन कोणत्या बाजूला उतरते ते तपासणे
01:20 H स्क्रूची जुळणी
03:05 L स्क्रूची जुळणी
04:40 तरीही चेन उतरत असेल तर: वाकलेला हँगर

#सायकलदुरुस्ती #डिरेलर #BikeRepair
```

या नव्या वर्णनात पहिल्या यादीतले जवळजवळ सगळे कामाचे शब्द आहेत: गिअर, सायकल, चेन, उतरणे, आणि हॅशटॅगमध्ये दुरुस्ती. शिवाय यादीत नसलेले काही शब्दही आले आहेत, जे एखादा जाणकार नेमके शोधतो: डिरेलर, मर्यादा-स्क्रू, हँगर. ते आले, कारण वाक्य लिहिताना व्हिडिओत खरोखर काय आहे हे सांगावे लागले. यादी लिहिणारा एकाच शब्दाची रूपे फिरवत राहतो. वाक्य लिहिणाऱ्याला नवा शब्द आणावाच लागतो. 'चेन' हा शब्द इथे वरच्या परिच्छेदात दोनदा आणि खालच्या ओळींत दोनदा आला आहे, पण प्रत्येक ठिकाणी तो नसता तर वाक्यच अडखळले असते. शब्द किती वेळा यावा याचे ठरावीक प्रमाण सांगणारे अनेक जण भेटतील. मी असे प्रमाण देणार नाही. मी एक साधी चाचणी करतो: तो शब्द काढून त्या जागी 'ती' किंवा 'ते' घालून पाहतो. अर्थ जराही बिघडत नसेल, तर शब्द तिथे केवळ यंत्राला दाखवण्यासाठी ठेवलेला होता.

वेळेच्या खुणांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण कीवर्ड सहजपणे मावण्याची ती सर्वांत चांगली जागा आहे आणि तीच बहुधा रिकामी असते. पहिली खूण 00:00 ची असेल, एकूण किमान तीन खुणा चढत्या क्रमाने असतील आणि प्रत्येक भाग किमान 10 सेकंदांचा असेल, तर यूट्यूब त्यांचे प्रकरणांत रूपांतर करते आणि ती व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर दिसू लागतात. प्रत्येक प्रकरणाला नाव द्यावेच लागते, म्हणून 'H स्क्रूची जुळणी' असा नेमका शब्दप्रयोग तिथे ओढूनताणून आल्यासारखा वाटत नाही. अनेक जण 'प्रस्तावना', 'मुख्य भाग', 'शेवट' अशी नावे देतात. ती नियमात बसतात, पण प्रेक्षकाला काही सांगत नाहीत. उलट टोक म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या नावात 'सायकल चेन दुरुस्ती' पुन्हा पुन्हा घालणे. त्याने पट्टीवर एकसारखी नावे दिसतात आणि कोणत्या भागावर जायचे ते कळेनासे होते.

हॅशटॅगचे काम कीवर्डपेक्षा वेगळे आहे. कीवर्ड शोधणाऱ्याला आपल्या व्हिडिओकडे आणतो. हॅशटॅग हा दुवा असतो, आणि त्यावर बोट लावले की प्रेक्षक तोच हॅशटॅग असलेल्या सगळ्या व्हिडिओंच्या पानावर जातो. म्हणजे आपल्या व्हिडिओखालचा हॅशटॅग हे बाहेर जाण्याचे दारही आहे. वर्णनात हॅशटॅग असतील, तर त्यांतले जास्तीत जास्त तीन व्हिडिओच्या शीर्षकाजवळ दिसू शकतात, आणि माझ्या मते तीन ही संख्या ठरवायला हे कारण पुरेसे आहे. चौथा आणि पंचविसावा हॅशटॅग बहुतेकांना दिसणारही नाही, पण जो वर्णन उघडून वाचतो त्याच्या मनात आपल्याविषयी शंका मात्र पेरेल.

तीनही हॅशटॅग वेगवेगळ्या रुंदीचे असावेत. एक विषयाचा, म्हणजे #सायकलदुरुस्ती. एक नेमक्या भागाचा, म्हणजे #डिरेलर. आणि एक असा, ज्याच्या पानावर आपल्या विषयाचे व्हिडिओ खरोखर एकत्र येतात, मग तो इंग्रजी असला तरी हरकत नाही. #viral आणि #trending यांचा उपयोग का नाही, हे त्यांच्या पानावर जाऊन पाहिले की कळते: तिथे नाच, विनोद, बातम्या, पाककृती सगळे एकत्र वाहत असते आणि सायकलची चेन शोधणारा माणूस तिथे फिरकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्याचा व्हिडिओशी संबंध नाही अशा प्रसिद्ध व्यक्तीचे किंवा सायकल कंपनीचे नाव हॅशटॅगमध्ये घालणे. ते केवळ निरुपयोगी नाही, यूट्यूबच्या नियमांनुसार दिशाभूल आहे, आणि त्यासाठी व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. व्हिडिओत एखाद्या कंपनीचा डिरेलर प्रत्यक्ष उघडून दाखवला असेल, तर तिचे नाव वर्णनातल्या वाक्यात अवश्य लिहावे. मग ते माहिती ठरते.

हॅशटॅग वर्णनाच्या अखेरीस, स्वतंत्र ओळीत ठेवावेत. वाक्याच्या आत ते घालण्याची इंग्रजीत पद्धत आहे, पण मराठीत ती चालत नाही, आणि याला भाषेचे कारण आहे. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतात. 'आज #सायकलची #चेन बसवू' असे लिहिले, तर पहिला हॅशटॅग 'सायकलची' असा तयार होतो, आणि तो 'सायकल' या हॅशटॅगहून सर्वस्वी वेगळा असतो. प्रत्यय तोडून '#सायकल ची' असे लिहिले, तर वाक्य कुरूप होते आणि वाचणाऱ्याला लगेच कळते की इथे यंत्रासाठी शब्द मोडला आहे. शोधाच्या चौकटीला थोडीफार लवचिकता असते, पण हॅशटॅगला ती नसते. अक्षर बदलले की पान बदलते. म्हणून हॅशटॅगमध्ये शब्द नेहमी मूळ रूपात ठेवावा.

याच कारणाने शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे लागते. वर दिलेल्या जुन्या नमुन्यात 'दुरूस्ती' असे दीर्घ रू घालून लिहिले आहे आणि ते इतके सर्रास आढळते की पुष्कळांना त्यात काही वावगे दिसत नाही. पण #सायकलदुरुस्ती आणि #सायकलदुरूस्ती ही दोन निराळी पाने आहेत. शुद्ध रूप वर्णनात आणि हॅशटॅगमध्ये ठेवावे. चुकीच्या रूपाने शोधणाऱ्यांचे काय, असा प्रश्न पडेल. त्यांच्यासाठी स्टुडिओत 'टॅग्ज' नावाची वेगळी चौकट आहे, जी प्रेक्षकाला वर्णनात दिसत नाही. तिच्यात एकूण 500 अक्षरे मावतात. यूट्यूबने स्वतःच म्हटले आहे की व्हिडिओ सापडण्यात या टॅग्जचा वाटा अगदी थोडा असतो आणि त्यांचा उपयोग होतो तो मुख्यतः वारंवार चुकीच्या लिहिल्या जाणाऱ्या शब्दांसाठी. 'दुरूस्ती', 'डीरेलर', रोमन लिपीतले 'cycle chi chain utarte' ही सगळी रूपे तिथे टाकावीत आणि विसरून जावे.

लिपीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. वर्णन ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्या भाषेत आणि त्याच लिपीत लिहावे. मराठी वाक्यात 'गिअर' आणि 'स्क्रू' देवनागरीत येऊ देत. लोक तसेच बोलतात. रोमन लिपीत मराठी शोधणारे पुष्कळ आहेत हे खरे, पण त्यांच्यासाठी वर्णनात तेच वाक्य रोमनमध्ये पुन्हा लिहिल्याने वर्णन दुप्पट लांब आणि दुप्पट संशयास्पद होते. इंग्रजी प्रेक्षकही हवे असतील, तर यूट्यूबवर शीर्षक आणि वर्णनाचे भाषांतर वेगळे भरता येते आणि ते त्या भाषेच्या प्रेक्षकालाच दिसते. दोन्ही भाषा एका वर्णनात कोंबण्याची गरज उरत नाही. ही सोय घेताना एवढे पाहावे की व्हिडिओतले बोलणे मराठीत असेल, तर इंग्रजी उपशीर्षके आधी तयार असावीत. नाहीतर इंग्रजी वर्णन वाचून आलेला माणूस अर्ध्या मिनिटात परत जातो, आणि तो गेलेला आकड्यांत दिसतो.

हॅशटॅग लिहिताना जोडचिन्ह किंवा जागा सोडली, तर दुवा तिथेच तुटतो: #सायकल-दुरुस्ती मध्ये निळा रंग 'सायकल' वरच थांबतो. दोन शब्द वेगळे दाखवायचे असतील तर अधोरेषा चालते, पण #सायकल_दुरुस्ती आणि #सायकलदुरुस्ती हीदेखील दोन पाने होतात, म्हणून एकदा एक रूप निवडून तेच कायम ठेवावे. रोमन हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवावे, म्हणजे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध प्रेक्षकाला ते शब्द वेगळे ऐकू येण्याची शक्यता वाढते. व्हिडिओ प्रसिद्ध झाला की स्वतः त्या तिन्ही दुव्यांवर बोट लावून पाहावे. पानावर भलताच मजकूर निघाला, तर तो हॅशटॅग बदलावा. नवख्या हॅशटॅगवर फक्त आपलेच व्हिडिओ दिसले तर मात्र घाबरू नये, पुढे आपल्या चॅनेलची मालिका म्हणून त्याचा उपयोग होतो.

बदल केल्यावर त्याचा परिणाम झाला की नाही, हे कळणे जरा अवघड आहे, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. ॲनालिटिक्समध्ये 'यूट्यूब सर्च' बरोबरच 'हॅशटॅग पेजेस' हा मार्गही वेगळा दिसतो. तिथला आकडा पाहा. हॅशटॅगवर आपण जेवढा वेळ घालवता त्या मानाने तिथून येणारे प्रेक्षक अत्यल्प असण्याची शक्यता मी जास्त धरतो, आणि तो आकडा डोळ्यांनी पाहिल्यावर तीस हॅशटॅगचा मोह आपोआप सुटेल. शोधाच्या बाजूने पाहताना नुसती संख्या पाहू नये. कोणत्या शब्दाने आलेला प्रेक्षक किती वेळ थांबला तेही पाहावे. समजा, 'सायकल पंक्चर' या शब्दाने काही लोक चेनच्या व्हिडिओवर येत आहेत आणि वीस सेकंदांत परत जात आहेत. याचा अर्थ वर्णनात कुठेतरी पंक्चरचा उल्लेख राहून गेला आहे, बहुधा डीफॉल्ट मजकुरातून, आणि तो चुकीची माणसे आणत आहे. तो शब्द काढावा. प्रेक्षक घटल्याचे दिसेल, पण जे गेले ते आपले नव्हतेच.

शीर्षक, चित्र आणि वर्णन तिन्ही एकाच दिवशी बदलू नयेत, नाहीतर कशाने काय झाले ते कधीच कळणार नाही. नुसत्या वर्णनाने फार मोठा फरक पडेल अशी अपेक्षाही ठेवू नये. शोधात व्हिडिओ वर येण्यात शीर्षकाचा, प्रत्यक्ष व्हिडिओ किती पाहिला जातो याचा आणि तो त्या प्रश्नाचे उत्तर देतो की नाही याचा वाटा असतो. चांगले वर्णन यंत्राला आणि माणसाला व्हिडिओ कशाचा आहे हे नीट सांगते, इतकेच. कंटाळवाण्या व्हिडिओला ते तारत नाही.

जुन्या व्हिडिओंचे काय करायचे, हे आपण विचारलेले नाही, पण प्रश्न येणारच. सगळी वर्णने एका दमात बदलू नका. आधी अपलोड डीफॉल्ट्समधला कीवर्डचा परिच्छेद आणि हॅशटॅग काढून टाका, म्हणजे पुढचे व्हिडिओ स्वच्छ जातील. मग ॲनालिटिक्समध्ये शोधातून सर्वाधिक प्रेक्षक आणणारे व्हिडिओ काढा आणि त्यांची वर्णने एकेक करून हाताने लिहा. त्यांचे शीर्षक चालत असेल तर त्याला हात लावू नका. ज्या व्हिडिओंना शोधातून कोणी येतच नाही, त्यांच्याखालचा यादीचा परिच्छेद नुसता पुसला आणि जागी एक खरे वाक्य लिहिले तरी पुरे. एकच विषय दोन व्हिडिओंत असेल, तर दोन्ही वर्णनांत तेच वाक्य चिकटवू नका. पहिल्यात चेन स्पोककडे पडण्याचा आणि दुसऱ्यात फ्रेमकडे पडण्याचा बिघाड असेल, तर वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ती बाजू लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला कोणता उघडायचा ते न उघडताच कळेल.